खरेदीआधीचा मूड बोर्ड: गौरी-गणपतीच्या आराशीच्या नोंदी

१ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

यंदा गणपती २७ ऑगस्टला, गौरी ३१ तारखेला येणार. आराशीचं काम ताईंनी (माझ्या मोठ्या जाऊबाईंनी) आणि मी वाटून घेतलंय. ठरलंय ते एवढंच: बोर्ड पक्का होईपर्यंत दुकानात पिशवी घेऊन जायचं नाही. आधी घरात कल्पना ठरवायची, मग खरेदीला कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर. दुकानात उभं राहून कल्पना ठरवायला गेलं की समोर जे चमकतंय तेच आवडतं. घरी आणल्यावर एकेक वस्तू सुंदर असते, पण शेजारी ठेवली की एकीचं दुसरीशी पटत नाही.

१७ ऑगस्टच्या रविवारी बोर्ड बंद करायचा. त्यानंतर रस्त्यावर गर्दी वाढते, आणि शिवणाऱ्या मावशीही नवं काम हातात घेत नाहीत.

आज फक्त बदलता न येणाऱ्या गोष्टी वहीत उतरवल्या, कारण बोर्डावर पहिल्यांदा त्याच लागणार. मूर्ती बापट कॅम्पातल्या कुंभारांकडं सांगून ठेवलेली, रंग गेल्या वर्षीसारखाच: अंग फिकट केशरी, पितांबर पिवळा, शेला लाल. गौरीची साडी आईंनी आधीच काढून ठेवलीय, हिरव्या अंगाची इरकल, डाळिंबी काठाची. मग तेरडा, त्याची गुलाबी-जांभळी फुलं आणि पोपटी पानं. पितळी समया. बैठकीची भिंत फिकट पिस्ता. कोपरा ५ फूट रुंद, कापड टांगायची पट्टी जमिनीपासून ७ फुटांवर, आणि दारातून आत येणारा माणूस पहिल्यांदा आरास बघतो ती साधारण ८ फुटांवरून. हे शेवटचं अंतर मी मुद्दाम मापलंय. पुढं कामाला येणार आहे.

२ ऑगस्ट, शनिवार

फोटो गोळा केले. ताईंच्या इन्स्टाग्राममधले सेव्ह केलेले, माझ्या गॅलरीतले स्क्रीनशॉट, भावजींनी मंडळांचे काढलेले, आणि आईंच्या ट्रंकेतला एक जुना छापील फोटो. त्या फोटोत आमच्या जुन्या घरातली गौर आहे, मागं नुसती एक जुनी साडी ताणलेली. सगळे मिळून शंभरावर गेले. मोबाइलवर एक सामायिक अल्बम केला आणि सगळ्यांना त्यात जोडून घेतलं.

प्रत्येक फोटोखाली तो ज्यानं ठेवला त्यानं कारण लिहायचं, आणि तेही चारांपैकी एकच: रंग, मांडणी, पोत किंवा उजेड. ‘छान आहे’ चालणार नाही. ताईंना सुरुवातीला हे शाळेतल्या अभ्यासासारखं वाटलं, पण दहा-बारा फोटो झाल्यावर त्याच म्हणाल्या, “अगं, मला यातली सोनेरी झालर आवडलीच नव्हती. मागून येणारा दिव्याचा उजेड आवडला होता.” हे कारण लिहून घेण्यामागं माझा हेतू हाच होता. फोटो आवडतो तो एका गोष्टीसाठी, आणि आपण बाजारातून आणतो भलतीच गोष्ट. उजेडासाठी ठेवलेल्या फोटोवरून कुणी कापड आणलं तर त्या कापडात तो उजेड येणार नाही.

३ ऑगस्ट, रविवार

चाळणी लावली. एकसारखे दोन असतील तर एक काढला. ज्यातली मांडणी आमच्या ५ फुटांत बसणारच नाही (हॉलभर कमानी, छतापासून लोंबणारे झुंबर) ते काढले. ज्यात थर्मोकोलचं मखर होतं तेही काढले, महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आहे आणि तसली नक्षी कापडात उतरतही नाही. डझनभर उरले.

उरलेले एका रांगेत लावले तेव्हा एक गोष्ट ठळक दिसली. रंग वेगवेगळे, काही मराठवाड्यातल्या उभ्या महालक्ष्म्यांचे, काही कोकणातले, तरी जवळजवळ सगळ्यांत देवाच्या डोक्यामागं हातभर जागा मोकळी, एकरंगी. फुलं, दिवे, तोरणं जे काही असेल ते कडेला. आईंच्या जुन्या फोटोतही तेच. चौघांनी स्वतंत्र ठेवलेल्या फोटोंत हे सारखं निघालं, म्हणजे घराला आवडतं ते हे. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात पहिली चिठ्ठी लावायची ठरली: ‘मूर्तीमागं मोकळं’.

आणखी एक निर्णय घेतला, ताईंशी बराच वाद घालून. बोर्डावर लावायचे फोटो काळेपांढरे छापायचे. मोबाइलचा कॅमेरा उजेड पाहून रंग आपोआप बदलतो, वर टाकणारा फिल्टर लावतो, आणि झेरॉक्सच्या दुकानातला प्रिंटर तिसराच रंग काढतो. त्या छापील मोरपंखी रंगाशी जुळवत दुकानात फिरलं तर तो रंग कुठल्याच ताग्यात मिळत नाही. म्हणून फोटोकडून फक्त मांडणी घ्यायची, कुठं काय आणि केवढं. रंग घ्यायचा तो हातातल्या कापडाकडूनच. ताई म्हणाल्या, “मग बोर्ड सुतकी दिसंल की गं.” कापड लागेपर्यंत दिसेल तसा, हे मी मान्य केलं.

६ ऑगस्ट, बुधवार

कापडाचे नमुने. तीन ठिकाणांहून आले.

घरातून: ट्रंकेतले जुने खण, एका विरलेल्या पैठणीचा पदर, ताईंच्या लग्नातल्या शालूचा उरलेला ब्लाऊजपीस. शिवणाऱ्या मावशींकडून: कातरणांची पिशवी, त्यात साटिन, ब्रोकेड, नेट असं सगळं. तिसरं, मॅचिंग सेंटर. आराशीचे रंग ठरवताना तिथं सहसा कुणी जात नाही, पण टू बाय टू रुबियाचे जितके रंग तिथं एका भिंतीवर रचलेले असतात तितके दुसरीकडं सापडत नाहीत. नुसत्या हिरव्याचे पंधरा-वीस गट्ठे. इरकलीचा काठ सोबत नेला होता. दुकानातल्या दादांनी सवयीनं तीन डाळिंबी काढले, काठाला लावले आणि “उजेडात बघा की” म्हणून पायरीवर पाठवलं. पाऊस लागलेला होता, आभाळ भरलेलं. भरल्या आभाळाचा उजेड निळसर असतो, त्यात लाल रंग जरा दबतो. त्यामुळं पायरीवर जो सगळ्यात चांगला जुळला त्याच्यावर टिकमार्क केली, पण पक्का धरला नाही.

नमुना केवढा असावा याबद्दल माझं मत ठाम आहे. मागच्या पडद्यासाठी वहीच्या पानाएवढा तरी हवा, काठासाठी चार बोटं रुंद पुरतो. टिकलीएवढ्या तुकड्यात रंग नेहमी गडद आणि गंभीर वाटतो. तोच सात फूट भिंतीवर गेला की अंगावर येतो. दुकानात एवढा तुकडा फुकट मिळत नाही, म्हणून पाव-पाव मीटर विकत घेतलं. त्याला खरेदी धरायची नाही असं ताईंशी ठरवलं, उरलेल्या तुकड्यांची आसनं होतील.

प्रत्येक तुकड्याच्या मागं कागद टाचून पन्ना, कापडाचा प्रकार आणि दुकानाची खूण लिहिली. हे आत्ताच केलं, कारण आठवड्यानंतर सगळे हिरवे सारखेच वाटतात.

९ ऑगस्ट, शनिवार

आज राखीपौर्णिमा. नारळीभात झाल्यावर दुपारी बोर्ड उभा केला.

फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा, ३ फूट बाय २ फूट. त्यावर बैठकीच्या भिंतीचा उरलेला पिस्ता डिस्टेंपर मारला. पांढऱ्या पुठ्ठ्यावर कुठलाही रंग खुलतो, आमच्या भिंतीवर खुलेलच असं नाही. नमुने टाचणीनं लावले, डिंकानं नाही, कारण ते हलवायचेच आहेत.

बोर्ड उभाच ठेवायचा, टेबलावर आडवा नाही. खणाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. गुळेदगुड्डच्या खणात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की धूपछाव येते. आडवा ठेवून वरून पाहिला तर तो डाळिंबी दिसला, उभा करून समोरून पाहिला तर त्यातला काळा वर आला. मग तोच तुकडा पाव फिरवून, उभे धागे आडवे करून लावला. पुन्हा उजळला. एकाच खणाचे दोन तुकडे शेजारी-शेजारी लावले, एक उभा आणि एक आडवा, तर आईंना ते दोन वेगळे खण वाटले. शिवताना कुठली दिशा वर ठेवायची ते मावशींना सांगावं लागणार, म्हणून आडव्या तुकड्यावर खडूनं बाण काढला.

तीन उभे रकाने केले. पहिला ताईंचा: गुलाबी आणि सोनेरी साटिन, मोत्यांच्या लडी. दुसरा भावजींचा: गर्द हिरवा पडदा, झेंडूच्या माळा. तिसरा आईंच्या फोटोवरून: इरकल.

तिसऱ्या रकान्याला प्रमाण आयतंच मिळालं. इरकलीत अंग सगळ्यात मोठं, ते एकरंगी किंवा बारीक चौकड्यांचं. मग डाळिंबी काठ चार-सहा बोटं. पदर लाल, आणि त्या लालात तोप म्हणतात ती दातेरी पांढरी नक्षी, अगदी थोडी. म्हणजे एक रंग भरपूर, दुसरा त्याच्या निम्म्याहून कमी, तिसरा चिमूटभर. सजावटवाले साठ-तीस-दहा म्हणून जे सांगतात ते विणकरांनी साडीत केव्हाच बसवलंय. मग तिन्ही रकान्यांत तुकडे याच मापात कापून लावले. पडद्याचा तुकडा मोठा, काठाचा पट्टा मध्यम, जर किंवा फुलाचा रंग बोटभर. सगळे तुकडे सारख्या आकाराचे लावले तर प्रत्येक रंग सारखाच महत्त्वाचा वाटतो, आणि प्रत्यक्ष आराशीत तसं कधीच नसतं.

भावजी येताना पन्हाळ्याच्या वाटेवरून तेरड्याच्या काड्या घेऊन आले. त्या बाटलीत घालून बोर्डाशेजारी ठेवल्या. ताईंच्या गुलाबी साटिनचं तिथंच अवघड झालं. तेरड्याचा गुलाबी जिवंत, जांभळ्याकडं झुकणारा. त्याच्या शेजारी साटिनचा गुलाबी धुऊन विटल्यासारखा दिसायला लागला. ताईंनी स्वतःच तो तुकडा काढून बाजूला ठेवला. सोनेरी अजून लावलेलं आहे.

१० ऑगस्ट, रविवार, रात्री

उजेडाची पारख. बोर्ड प्रत्यक्ष कोपऱ्यात नेऊन चौरंगावर उभा केला, संध्याकाळी सातनंतर. आरास लोक बघणार ती आरतीच्या वेळी, दुपारी बाराला नाही.

आधी घरातली ट्यूब. खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेलं, म्हणजे पांढरा-निळसर उजेड. यात हिरवे सगळे छान, डाळिंबी थंड, आणि सोनेरी साटिन करडं. मग ट्यूब बंद करून ३००० केल्विनचे दोन पिवळसर दिवे लावले, एक डावीकडून वर, एक उजवीकडून. लगेच सगळं बदललं.

डाळिंबीचे तीन तुकडे शेजारी होते, मॅचिंग सेंटरचा रुबिया, कातरणातलं पॉलिस्टर साटिन आणि खण. दिवसाच्या उजेडात तिन्ही काठाला जुळले होते. पिवळसर दिव्यात खण काठाबरोबरच राहिला, रुबिया किंचित विटकरी झाला, आणि साटिन सरळ तपकिरी. तिन्हींचे धागे वेगळे, त्यांना चढवलेले रंगही वेगळे, आणि हे रंग एका उजेडात सारखे दिसले तरी दुसऱ्या उजेडात प्रत्येक जण आपापल्या परीनं वागतो. साडीला जुळणारा ब्लाऊज लग्नाच्या हॉलमध्ये वेगळा दिसतो तो याचमुळं. उपाय एकच, ज्या दिव्याखाली वापरायचं त्याच दिव्याखाली बघायचं. दिवाही कुठलाही चालत नाही. स्वस्तातल्या एलईडीत लाल रंग मेल्यासारखा दिसतो. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा सीआरआयचा आकडा खोक्यावर लिहिलेला असेल तर ८० ऐवजी ९० चा घ्यायचा. आम्ही जुना दिवा काढून तसा लावून पाहिला, तेव्हा इरकलीचा काठ खुलला.

सोनेरी साटिनचा निकालही इथंच लागला. पिवळसर दिव्यात ते चांगलंच उजळलं, पण जिथं चुणी तिथं पांढरा झगमगाट आणि बाकी भाग काळा. मोबाइलनं फोटो काढला तर कॅमेऱ्यानं त्या झगमगाटाला सांभाळण्यासाठी बाकी सगळं अंधारं केलं. मूर्तीच्या मागं असं चकाकणारं कापड असलं की चेहरा अंधारात जातो. ताई बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “पाठीमागं नको. पण चौरंगाच्या कडेला दोन बोटं सोनेरी मला पायजेच.” ते बरोबर वाटलं. चिमूटभराच्या जागी चमक शोभते. सोनेरी पहिल्या रकान्यातून तिसऱ्या रकान्याच्या तळाशी आलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आता झगडा दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात: गर्द हिरवा की इरकल. तिसऱ्यात मोठा रंग कुठला हेही ठरलेलं नव्हतं.

गेल्या वर्षीच्या मूर्तीचा फोटो आणि गौरीच्या साडीची घडी दोन्ही प्रत्येक पडद्याच्या तुकड्यापुढं धरून फोटो काढले आणि मोबाइलमध्ये रंग पूर्ण उतरवले. रंग गेला की उरतो नुसता उजळपणा आणि गडदपणा, आणि लांबून बघणाऱ्याला आकृती ओळखू येते ती त्यावरच.

निकाल असा. गर्द हिरव्यापुढं गणपती छान उठतो, फिकट अंग आणि गडद पाठ. पण हिरव्या साडीतली गौर त्याच पडद्यात बुडून जाते, नुसता मुखवटा तरंगतो. फिकट मोतिया पडद्यापुढं उलट: गौर स्वच्छ दिसते, काठ दिसतो, तेरड्याची पानं दिसतात, पण गणपतीचं फिकट अंग आणि पिवळा पितांबर मागच्या रंगात मिसळतात. डोळ्यांना रंगीत पाहताना ही अडचण इतकी जाणवत नव्हती. काळ्यापांढऱ्यात ती लपली नाही.

एका पडद्यात दोघांना न्याय नाही. म्हणून पडदा फिकटच ठेवायचा आणि फक्त गणपतीच्या मागं डाळिंबी खणाची चौकट, दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच. पुन्हा तुकडे धरून तपासलं. गणपती गडदावर उठतो, गौर फिकटावर. मूर्तीचा लाल शेला खणात थोडा मिसळतो, पण त्याला पिवळी कड असल्यानं ओळ तुटत नाही. पहिल्या आठवड्यातली ‘मूर्तीमागं मोकळं’ ही चिठ्ठीही यात पाळली जाते, कारण खणाची बुट्टी बारीक, लांबून ती एकरंगीच वाटते.

भावजींचा हिरवा गेला. झेंडू राहिला.

१३ ऑगस्ट, बुधवार

फिकट कापड म्हणजे मांजरपाट, असं मी धरून चालले होते. चमक नाही, दिव्यात झगमगत नाही, मऊ घडी पडते. आईंनी तुकडा हातात घेतला आणि खाली ठेवला. “पांढरं कोरं कापड देवामागं नको. बरं दिसत नाही ते.” त्यावर वाद घातला नाही. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला दहा दिवस जे डोळ्याला खुपणार ते आराशीत नसावं, हे मला रंगाच्या हिशोबाइतकंच महत्त्वाचं वाटतं. शिवाय उपायही आईंनीच काढला. “हळदीत बुडीव की. हळदीचं कापड शुभ.”

नमुन्याचे तीन तुकडे केले. मांजरपाटाला खळ असते, ती राहिली तर रंग डागाडागांनी चढतो, म्हणून आधी रात्रभर पाण्यात भिजवून, चोळून, धुऊन घेतलं होतं. साबणाचा अंश राहू द्यायचा नाही, कारण हळदीला साबण लागला की ती लाल होते. मग एका पातेल्यात गरम पाणी आणि चमचाभर हळद, तुकडे वेगवेगळा वेळ ठेवले: एक नुसता बुडवून काढला, एक पाच मिनिटं, एक पंधरा. सावलीत वाळवले, उन्हात हळद उडते.

दुपारी नुसता बुडवलेला तुकडा सगळ्यांना आवडला, सायीसारखा. रात्री दिव्यांखाली तो पांढराच दिसायला लागला. पिवळसर उजेडात पिवळा रंग विरतो, कारण मग आजूबाजूचं सगळंच पिवळं असतं. पाच मिनिटांचा तुकडा दिवसा थोडा भडक वाटत होता, तोच रात्री नेमका बसला. पंधरा मिनिटांचा झेंडूच्या जवळ गेला, त्यावर झेंडूची माळ उठेना. पाच मिनिटांचा पक्का. त्याच्यामागच्या कागदावर पाणी, हळद आणि वेळ लिहून ठेवला. पूर्ण कापड भिजवताना मोठं पातेलं लागेल आणि हळद त्या मानानं वाढवावी लागेल, पण जुळवायचं ते या तुकड्याशी, घड्याळाशी नाही. ओलं कापड गडद दिसतं, त्यामुळं कोपरा वाळवून मगच ताडायचं.

हळद टिकाऊ नाही. आम्हाला ती दहा-बारा दिवस टिकायची आहे, तेवढी टिकते. पुढच्या वर्षी पुन्हा याच पडद्यावर अवलंबून राहता येणार नाही, हे ताईंना सांगून ठेवलं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी, सगळे घरी. बोर्डावरचं माप खऱ्या मापात तपासलं. पट्टीला जुनी फिकट चादर टांगली, गणपतीच्या जागी वर्तमानपत्राची दोन बाय तीनची चौकट टाचली, चौरंगावर गणपतीच्या उंचीचा डबा ठेवला, गौरीच्या जागी घडी केलेली इरकल उभी केली. दारात जाऊन ८ फुटांवरून पाहिलं.

चौकट मधोमध होती, आणि गौर उजवीकडं कोपऱ्यात कोंबल्यासारखी वाटत होती. चौकट बोटभर नाही, चांगली अर्धा फूट डावीकडं सरकवली तेव्हा दोघांना जागा मिळाली. हे बोर्डावर कळलं नसतं. बोर्ड रंग, पोत आणि प्रमाण सांगतो, जागा सांगत नाही.

तोपांचा पांढरा कुठं आणायचा हा प्रश्न होता. ताईंनी तांदळाच्या पिठाची रांगोळी सुचवली, चौरंगापुढं दातेरी नक्षीची एकच ओळ. कापडात पांढरं आणायची गरजच राहिली नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

बोर्ड बंद. उरलेल्या दोन रकान्यांतले सगळे तुकडे काढून पिशवीत भरले, म्हणजे दुकानात मन डळमळणार नाही. बोर्डावर आता आहे ते: हळदी मांजरपाट, त्यावर डाळिंबी खण, इरकलीचा तुकडा म्हणून हिरवा रुबिया, दोन बोटं सोनेरी, वाळलेलं तेरड्याचं फूल, पाच काळेपांढरे फोटो आणि दिव्याच्या खोक्याचं झाकण.

त्याखाली खरेदीची यादी, मापासकट. पडद्याला दुप्पट चुणी हवी, म्हणजे ५ फुटांच्या जागेला १० फूट रुंदी, १२० इंच. मांजरपाटाचा पन्ना ४४ इंच धरला तर तीन पट्टे. प्रत्येक पट्टा ७ फूट अधिक वर-खाली दुमडायला ६ इंच, म्हणजे ९० इंच. तीन पट्टे २७० इंच, साधारण ६.९ मीटर. कोरं कापड धुतल्यावर आटतं, म्हणून साडेसात मीटर. पन्ना दुकानात टेपनं मापून बघायचा. तो ३६ इंच निघाला तर चार पट्टे लागतात आणि सगळा हिशोब बदलतो, तेव्हा दहा मीटर.

खण चौकटीसाठी. इथं पन्ना अरुंद असतो आणि आम्हाला धागे आडवे हवेत, म्हणजे पन्ना उंचीला येणार. ३ फूट उंचीला पन्ना पुरला नाही तर जोड द्यावा लागेल, आणि तो जोड मूर्तीच्या पाठीमागं लपेल अशा उंचीवर, गळ्याच्या खाली. सव्वा मीटर घ्यायचा, त्यातून जोडासाठीचं कापडही निघतं. पुठ्ठ्यावर ताणून बसवायचा, चुण्या नकोत, नाहीतर धूपछावेचे पट्टे पडतील.

सोनेरी साटिन अर्धा मीटर. हिरवा रुबिया पाऊण मीटर, समयांखालच्या आसनांना. ३००० केल्विनचे दोन दिवे, सीआरआय ९०. झेंडू आणि शेवंती आदल्या दिवशी. तोरणं, मोत्यांच्या लडी, कागदी फुलं, तयार मखर: यादीत नाही.

बोर्ड दुकानात नेता येत नाही, म्हणून प्रत्येक पक्क्या नमुन्याचा दोन बोटं रुंद पट्टा कापून एका रिंगमध्ये ओवला, इरकलीच्या काठाचा आतल्या शिलाईतला दोराही त्यातच बांधला. बदली रंग घ्यावाच लागला तर तो रिंगेतल्या बाकी सगळ्यांशी जुळला पाहिजे, नुसता ज्याच्या बदली घेतोय त्याच्याशी नाही, असं आमच्यात ठरलंय. आणि शंका आली तर पाव मीटर घेऊन घरी, रात्री दिव्याखाली.

१९ ऑगस्ट, मंगळवार

मांजरपाट लक्ष्मीपुरीत मिळालं, पन्ना ४४ च निघाला. खण महाद्वार रोडवर. पहिला दाखवला तो बोर्डावरच्यापेक्षा काळपट होता, पाव फिरवून पाहिला तरी उजळला नाही. दुसऱ्या ताग्यात मिळाला. हिरवा रुबिया मॅचिंग सेंटरमध्ये त्याच गट्ठ्यातला. दिव्यांपैकी एकच मिळाला, दुसरा उद्या भावजी शाहूपुरीत बघणार.

मांजरपाट भिजत घातलंय. उद्या सकाळी खळ काढून हळद.